निवडपत्र हातात आहे, रजा अजून नाही

वाचक लिहितात: मी २६ वर्षांची आहे. नेरूळला राहते आणि बेलापूरच्या एका खासगी कार्यालयात निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करते. तिथे अडीच वर्षे झाली. कबड्डी शाळेपासून खेळते, डावा कोपरा सांभाळते. या वेळी निवड चाचणीतून जिल्ह्याच्या महिला संघात माझे नाव आले आहे. राज्य अजिंक्यपद स्पर्धा मराठवाड्यात आहे. पुढच्या महिन्यात ९ ते १३ सराव शिबिर नेरूळमध्येच, १४ ला प्रवास, १५ ते १८ स्पर्धा आणि १९ ला परत, म्हणजे एकूण अकरा दिवस. माझ्या सात अर्जित रजा शिल्लक आहेत. गेल्या वर्षी जिल्हा स्पर्धेसाठी आदल्या संध्याकाळी दोन दिवस मागितले, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "नोकरी करायची की खेळायचे, ते एकदा ठरव." संघातल्या मैत्रिणी म्हणतात, आजारी आहे म्हणून सांग. आई म्हणते, नोकरी आधी. मला वाटते निवडपत्र जोडून अर्ज द्यावा आणि नाही म्हणाले तर राजीनामा. निवडपत्र दाखवल्यावर रजा द्यावीच लागते ना?

उत्तर:

वेळ थोडा असल्यामुळे हे उत्तर आधी तुम्हाला थेट पाठवले होते. ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेट अशा भागांतून याच स्वरूपाची पत्रे अधूनमधून येत असतात, म्हणून ते इथेही देत आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही, द्यावीच लागते असे नाही. सरकारी सेवेत खेळाडूंसाठी विशेष नैमित्तिक रजेची तरतूद असते. भारतीय रेल्वे किंवा भारत पेट्रोलियम यांसारख्या संस्थांचे स्वतःचे कबड्डी संघ आहेत आणि तिथे खेळाडू म्हणून नेमणूक झालेल्यांचा खेळ हा त्यांच्या कामाचाच भाग मानला जातो. संघातल्या एखाद्या मैत्रिणीला अशी सवलत मिळत असेल, तर तुम्हालाही ती मिळायला हवी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तुमच्या कार्यालयाला तो नियम लागू होत नाही. कार्यालय अगदी थोड्या माणसांचे नसेल, तर तुम्हाला लागू होतो तो महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आदल्या वर्षी २४० दिवस काम केले असेल तर दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे आणि अशा रजा ४५ पर्यंत साठवता येतात. खेळासाठी वेगळी रजा त्यात नाही. तुमच्या सात रजा ही तुमची कमाई आहे, त्याबद्दल संकोच करण्याचे कारण नाही. परंतु त्या नेमक्या कोणत्या तारखांना घ्यायच्या यासाठी मंजुरी लागते, आणि मंजुरी देणाऱ्या माणसाला पटेल असेच तुम्हाला लिहायचे आहे.

इथे तुमच्या विचारातली एक गोष्ट मला तपासून पाहावीशी वाटते. तुम्ही निवडपत्राकडे हुकमाच्या पानासारखे पाहत आहात. निवडपत्र फक्त एका प्रश्नाचे उत्तर देते, तो म्हणजे ही मुलगी सांगते ते खरे आहे का. साहेबांच्या मनातला दुसरा प्रश्न त्याहून मोठा असतो: ती नसताना तिचे काम कोण करणार? या प्रश्नाचे उत्तर देणारा कागद संघटना देऊ शकत नाही, तो तुम्हालाच तयार करावा लागेल.

हे मी अनुभवाने सांगते. मी अनेक वर्षे ठाण्यातल्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात होते आणि तिथे एका खो-खोपटूचा अर्ज मी स्वतः नाकारला होता. अर्ज दोन ओळींचा होता: 'राज्य स्पर्धेसाठी माझी निवड झाली आहे, तरी सुमारे दहा-बारा दिवस रजा मिळावी. सोबत पत्र जोडले आहे.' पत्र अगदी खरे होते. पण सुमारे दहा-बारा म्हणजे कोणत्या तारखेपासून, मधले रविवार धरून की वगळून, त्याच्या यंत्रावर कोण उभे राहणार, यातले काहीच त्यात नव्हते. समोर महिनाअखेरचा माल होता. मी 'सध्या शक्य नाही' असे लिहून अर्ज परत केला. पुढे त्याच्याशी बोलताना कळले की त्याला कामाचे फक्त पाच दिवस हवे होते. पाच दिवस मी सहज दिले असते. त्याने नीट लिहिले नाही हे खरे, पण मीही विचारले नाही, आणि त्याची ती स्पर्धा हुकली याची खंत मला आजही आहे.

म्हणून गेल्या वर्षीच्या त्या बोलण्याचा अर्थ लावताना थोडे थांबावे, असे मला वाटते. सगळ्यांसमोर तसे बोलणे चुकीचेच होते आणि ते तुम्हाला लागले यात नवल नाही. तरीही तुम्हीच लिहिले आहे की दोन दिवसांची मागणी आदल्या संध्याकाळी केली होती. न्हावा शेवाला कंटेनर वेळेत आत गेला नाही तर तो त्या जहाजावर चढत नाही, पुढच्या जहाजाची वाट पाहावी लागते आणि ग्राहकाचे फोन साहेबांना येतात. अशा कामात आदल्या संध्याकाळचा निरोप कोणालाही धक्का देणारा असतो, मग कारण खेळ असो की लग्न. साहेबांचा राग कबड्डीवर होता की त्या संध्याकाळवर, हे तुम्हाला अजून माहीत नाही. या वेळी तुमच्या हातात शिबिरापूर्वी तीन आठवडे आहेत. ते पहिल्यांदाच आहेत, हे लक्षात घ्या.

आता अकरा दिवसांचा हिशेब करू. ९ तारीख शुक्रवार आहे, त्यामुळे ९ ते १९ या काळात दोन रविवार येतात, ११ आणि १८. तुमची साप्ताहिक सुट्टी रविवारी आहे असे धरले तर कामाचे दिवस नऊच उरतात. त्यातले चार, म्हणजे ९, १०, १२ आणि १३, शिबिराचे आहेत आणि शिबिर तुमच्या घराजवळ नेरूळलाच आहे. शिबिर निवासी आहे की नाही, हे प्रशिक्षकांना आजच विचारा. सराव सकाळ-संध्याकाळ असेल आणि दुपार मोकळी असेल, तर या चार दिवसांसाठी रजा मागण्याऐवजी वेळेत बदल मागता येईल. सकाळचे सत्र नऊला संपत असेल, तर नेरूळहून बेलापूर कार्यालय फार लांब नाही. दहाला हजर होऊन साडेचारला निघण्याची परवानगी मागावी आणि अपुरे राहिलेले काम आधीच्या आठवड्यात रोज थोडे जास्त थांबून भरून द्यावे. पूर्ण दिवस सराव करून कामही करणे दमवणारे आहे, हे मी जाणते. शिबिराच्या शेवटच्या दिवसांत सराव हलका असतो का, १३ ला दुपारी निघता आले तर बरे का, हेही प्रशिक्षकांशी बोलून ठरवा, कारण थकलेल्या पायांनी मॅटवर उतरून गुडघा दुखावून घेण्यापेक्षा एक रजा जास्त गेलेली परवडते.

उरतात १४, १५, १६, १७ आणि १९. हे पाच दिवस. १४ ला प्रवास, त्याच दिवशी संध्याकाळी नोंदणी आणि वजन. १५ पासून साखळी सामने आणि मग बाद फेरी. १८ ला रविवारी अंतिम सामना. १९ ला सकाळी तुम्ही घरी पोहोचाल. म्हणजे अकरा दिवसांची मागणी पाच रजांवर आली आणि तुमच्या सात रजांमध्ये ती बसते. एक गोष्ट मात्र कार्यालयाच्या रजेच्या नियमांत पाहून घ्या. दोन रजांच्या मधे आलेली सुट्टीही रजेत धरण्याची पद्धत काही ठिकाणी असते. तुमच्याकडे ती असेल, तर १७ आणि १९ यांच्या मधला रविवार रजेत जाईल आणि पाचाच्या सहा होतील. तरीही एक शिल्लक राहते. नैमित्तिक रजा अर्जित रजेला जोडून घेता येते का, हेही तिथेच कळेल. पुष्कळ कार्यालये तशी परवानगी देत नाहीत, त्यामुळे आधी विचारून मगच ती हिशेबात धरा.

यानंतर निवडपत्र. तुमच्याकडे ते कशा स्वरूपात आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुतेक खेळाडूंकडे व्हॉट्सअॅपवर आलेले यादीचे छायाचित्र असते: बारा नावे, खाली प्रशिक्षक आणि व्यवस्थापकांची नावे आणि 'सर्व खेळाडूंनी शिबिरास वेळेवर उपस्थित राहावे' अशी सूचना. खेळाडूला तेवढे पुरते, पण कार्यालयाला पुरत नाही. जिल्हा संघटनेच्या कार्यवाहांना भेटा किंवा फोन करा आणि तुमच्या एकटीच्या नावाचे पत्र मागा. ते संघटनेच्या नावपत्रावर असावे, त्यावर जावक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का असावा. त्यात स्पर्धेचे पूर्ण नाव, स्पर्धेचे ठिकाण, शिबिराच्या आणि स्पर्धेच्या तारखा वेगवेगळ्या आणि संघ कधी निघणार व कधी परतणार, एवढे स्पष्ट असावे. शेवटी 'सदर खेळाडूस या कालावधीत रजा मंजूर करून सहकार्य करावे' असे एक वाक्य घालून द्यायला सांगा. असे पत्र मागणे यात विशेष काही नाही, नोकरी करणाऱ्या खेळाडूंना संघटना ते देत असतात. फक्त कोणी मागितल्याशिवाय ते सहसा तयार होत नाही.

पत्र हातात आल्यावर दोन गोष्टी नीट पाहा. पहिली, तुमचे नाव. क्लबच्या नोंदीत घरचे नाव, नुसते आडनाव किंवा जुने स्पेलिंग असते आणि कार्यालयाच्या नोंदीत आधारप्रमाणे पूर्ण नाव असते. हे दोन्ही जुळले नाही तर पत्र कोणाचे, अशी शंका येते. म्हणून ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. दुसरी, तारखा. राज्य स्पर्धांच्या तारखा मैदान, पाऊस, निवडणुका अशा कारणांनी पुढे-मागे होतात. तसे झाले तर नव्या तारखांचे पत्र त्याच दिवशी कार्यालयात द्यायचे आणि जुना अर्ज रद्द करून नवा करायचा. जुन्या मंजुरीवर नव्या तारखांना निघून जाणे म्हणजे विनापरवानगी गैरहजेरी ठरेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, तुम्ही नसतानाच्या कामाचा. १४ ते १९ या काळात कोणत्या जहाजांसाठी तुमच्याकडे माल आहे, हे जहाजांच्या वेळापत्रकावरून तुम्हाला बऱ्याच अंशी आधी सांगता येते. एका पानावर तक्ता करा: ग्राहक, जहाज, कटऑफची, म्हणजे माल बंदरात पोहोचवण्याच्या शेवटच्या मुदतीची, तारीख आणि वेळ, शिपिंग बिल दाखल झाले की नाही, वजनाचे प्रमाणपत्र आले की नाही, कंटेनर बंदरात आत नेण्यासाठीचा फॉर्म तेरा कोण काढणार आणि कोणाकडून कोणता कागद यायचा बाकी आहे. ज्यांची कागदपत्रे १३ तारखेपर्यंत पूर्ण होऊ शकतात ती पूर्ण करा आणि तसे तक्त्यात लिहा. जी होऊ शकत नाहीत, त्यांच्यापुढे सहकाऱ्याचे नाव लिहा, पण त्या सहकाऱ्याला विचारल्याशिवाय नाही. अर्ज देण्याआधी तिच्याशी किंवा त्याच्याशी बोला आणि त्या बदल्यात तुम्ही काय कराल तेही ठरवा. गणपतीत गावी जाणाऱ्या सहकाऱ्याचे काम तुम्ही सांभाळाल, हा कोकणातल्या माणसाला फार मोलाचा शब्द असतो. साहेबांच्या हातात असा तक्ता पडला की त्यांच्या मनातली अकरा दिवसांची धास्ती पाच-सहा कंटेनरांपुरती उरते आणि त्यातल्या प्रत्येकापुढे एक नाव असते.

अर्जाचा मसुदा देते. तुमच्या कार्यालयात व्यवहार इंग्रजीत होत असेल तर इंग्रजीत लिहा, क्रम मात्र हाच ठेवा.

*विषय: राज्य अजिंक्यपद कबड्डी स्पर्धेसाठी १४ ते १९ तारखेदरम्यान पाच दिवस अर्जित रजा मिळण्याबाबत.*

*माननीय महोदय,*

*राज्य अजिंक्यपद महिला कबड्डी स्पर्धेसाठी जिल्हा संघात माझी निवड झाली आहे. स्पर्धा १५ ते १८ या तारखांना असून संघ १४ तारखेस निघून १९ तारखेस सकाळी परत येईल. जिल्हा संघटनेचे निवडपत्र सोबत जोडले आहे.*

*त्यासाठी १४, १५, १६, १७ आणि १९ या पाच दिवसांची अर्जित रजा मंजूर करावी, ही विनंती. माझ्या खात्यावर सात रजा शिल्लक आहेत. १८ तारखेस साप्ताहिक सुट्टी आहे.*

*सराव शिबिर नेरूळ येथेच असल्याने ९, १०, १२ आणि १३ या दिवशी मी रजा घेणार नाही. या चार दिवशी सकाळी दहा ते दुपारी साडेचार या वेळेत काम करण्याची परवानगी द्यावी. आधीच्या आठवड्यात जास्त वेळ थांबून मी हे तास भरून देईन.*

*रजेच्या काळातील कामांचा तक्ता सोबत जोडला आहे. सहकाऱ्याने ही कामे पाहण्यास संमती दिली आहे. तारखांत बदल झाल्यास त्याच दिवशी कळवेन. परत आल्यावर स्पर्धेचे सहभाग प्रमाणपत्र सादर करेन.*

*२० तारखेस सकाळी नेहमीच्या वेळी कामावर हजर होईन.*

यात काय नाही, तेही पाहा. खेळाची आवड, लहानपणापासूनचे कष्ट, जिल्ह्याचा अभिमान यांपैकी काहीही नाही. ते सगळे खरे आहे आणि माझ्या दृष्टीने मोठेही आहे, पण मंजुरी देणाऱ्याला अर्जातून तारखा, रजेचा प्रकार आणि कामाची व्यवस्था एका दृष्टीक्षेपात मिळायला हवी. 'संघ साखळीतच बाद झाला तर लवकर परत येईन' असे आश्वासनही मी मुद्दाम घातलेले नाही. संघ एकत्र जातो आणि एकत्र परततो. व्यवस्थापकांच्या परवानगीशिवाय तुम्ही एकट्या निघू शकणार नाही. जो शब्द पाळणे तुमच्या हातात नाही तो लिहून देऊ नका.

अर्ज मेलने पाठवण्याआधी साहेबांना पाच मिनिटे प्रत्यक्ष भेटा. कटऑफच्या धावपळीत किंवा महिनाअखेरीला नको. काम हलके असलेल्या दिवशी, सकाळी. गेल्या वर्षीच्या प्रसंगाचा उल्लेख तुम्हीच आधी केला तर उत्तम: "मागच्या वेळी मी फार उशिरा सांगितले होते, ते चुकले. या वेळी तीन आठवडे आधी आले आहे." एवढे वाक्य पुरे. मग तक्ता पुढे ठेवा आणि त्यांना विचारा की कोणत्या ग्राहकाच्या कामाची त्यांना काळजी वाटते. ते जे नाव घेतील त्याची वेगळी सोय तिथेच ठरवा, आणि भेट झाल्यावर त्याच दिवशी मेल पाठवा. तोंडी 'बरं, बघू' हे मंजुरी म्हणून धरू नका. चार दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच मेलवर नम्रपणे आठवण करा.

आजारपणाचे कारण सांगण्याबद्दल. मैत्रिणी तुमच्या भल्यासाठीच सांगत आहेत, पण हा मार्ग घेऊ नका. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या संघाची नावे स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात, सामन्यांचे थेट प्रक्षेपण होते, विजयी संघाचे छायाचित्र नेरूळच्या प्रत्येक गटात फिरते. माझ्या पाहण्यातल्या एका तरुणाने तापाचे प्रमाणपत्र दिले आणि तिसऱ्या दिवशी तो चषक हातात घेतलेल्या छायाचित्रात दिसला. त्याची नोकरी राहिली, पण पुढे त्याची आई खरोखर रुग्णालयात होती तेव्हाही त्याला प्रत्येक कागद दोनदा दाखवावा लागला. याशिवाय खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र हे शिस्तभंगाचे सरळ कारण असते. आणि एक साधी गोष्ट म्हणजे, खोटे सांगून गेलात तर जिंकून आल्यावर तो आनंद कार्यालयात कोणालाच सांगता येणार नाही.

एक मुद्दा बहुतेक खेळाडूंच्या अर्जात राहून जातो, आणि पुढे तोच अडचणीचा ठरतो. राज्य अजिंक्यपद स्पर्धा ही महाराष्ट्राच्या संघाची निवड चाचणीही असते. तुमचा खेळ निवड समितीच्या नजरेत भरला, तर थोड्याच काळात राज्य संघाचे शिबिर आणि मग राष्ट्रीय स्पर्धा असा दुसरा, अधिक लांबीचा कालावधी समोर येईल. त्या वेळी तुमच्याकडे दोनच रजा असतील. साहेबांना वाटेल की एकदा दिली तर ही दुसऱ्यांदा मागू लागली. म्हणून प्रत्यक्ष भेटीत हे आत्ताच सांगून ठेवा: शक्यता किती आहे सांगता येत नाही, पण तसे झाले तर पुन्हा रजा लागेल आणि ती बिनपगारी घेण्याची माझी तयारी आहे. बिनपगारी म्हणजे नेमके किती, तेही आधी काढून ठेवा. महिना २६,००० रुपये पगार असेल आणि कार्यालय २६ ने भागत असेल, तर एका दिवसाचे १,००० रुपये जातात. ३० ने भागत असेल तर सुमारे ८६७. बारा दिवसांचे दहा ते बारा हजार. घरात तुमच्या पगारावर हप्ता असेल, तर आईशी या आकड्यावर बोला. 'नोकरी आधी' या त्यांच्या म्हणण्यामागे बहुधा असाच एखादा आकडा असतो आणि तो समोर मांडला की बोलणे सोपे होते.

आता नकार आला तर. पहिल्या नकारावर वाद न घालता एकच विचारा: यातले कोणते दिवस अडचणीचे आहेत? कदाचित १९ नको असेल. तर त्या दिवशी दुपारी बाराला हजर होण्याची तयारी दाखवा. कदाचित शिबिराच्या दिवसांतला लवकर निघण्याचा मुद्दा खुपत असेल. तर प्रशिक्षकांशी बोलून एखाद-दोन संध्याकाळची सत्रे सोडा. एखाद्या मोठ्या ग्राहकाचा माल १६ ला जाणार असेल, तर त्याचे कागद शिबिराच्या आठवड्यात तुम्ही स्वतः पूर्ण करून द्या. मार्ग निघालाच नाही तर साहेबांच्या वरच्या व्यक्तीकडे जाता येईल, पण साहेबांना सांगून. त्यांना डावलून गेल्याचे त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये.

राजीनाम्याचा विचार मात्र बाजूला ठेवा, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. तुमच्या नेमणूकपत्रात ३० दिवसांची नोटीस असेल, तर तुम्ही पत्र लिहिले त्याच दिवशी राजीनामा दिला असता तरी ती मुदत स्पर्धा संपत आल्यावरच पूर्ण झाली असती. म्हणजे नोकरीही गेली असती आणि स्पर्धेच्या दिवसांसाठी रजा तरीही मागावीच लागली असती. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्या आशेने हातची नोकरी सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यासाठी नुसता सहभाग पुरत नाही. विशिष्ट दर्जाच्या स्पर्धेतले ठरावीक यश लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. तो मार्ग तुमच्यासाठी उघडा राहू दे, पण या पंधरवड्यातला निर्णय त्यावर टेकवू नका. हे कार्यालय खेळाला कधीच जागा देणार नाही असे पुढे दिसलेच, तर स्पर्धा झाल्यावर शांतपणे दुसरी नोकरी शोधा आणि मुलाखतीत खेळाबद्दल सुरुवातीलाच सांगा.

सगळे करूनही रजा मिळाली नाही आणि नोकरी सोडणे शक्य नसेल, तर प्रशिक्षकांना शिबिर सुरू होण्यापूर्वी कळवा. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण डाव्या कोपऱ्यावर उभे राहण्यासाठी तुम्ही किती वर्षे दिली आहेत याची मला कल्पना आहे. पण तुम्ही ५ तारखेला कळवले तर निवड चाचणीतली पुढची मुलगी शिबिराच्या पहिल्या दिवसापासून संघाबरोबर सराव करू शकेल. १३ ला कळवले तर संघ अकरा जणींनिशी निघेल.

माझा अंदाज मात्र असा आहे की तक्ता आणि पाच तारखा नीट मांडल्या तर ही वेळ येणार नाही. संघटनेच्या कार्यवाहांना फोन आजच करा, कारण सगळ्यात जास्त वेळ त्या सही-शिक्क्याच्या पत्राला लागतो. आणि स्पर्धेला निघालात तर सहभाग प्रमाणपत्र १८ ला संध्याकाळी व्यवस्थापकांकडून हातात घेऊनच गाडीत बसा. ते मागाहून पाठवतो असे सांगितले जाते आणि मग महिनोन् महिने येत नाही. तुम्हाला तर ते २० तारखेला सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवायचे आहे.